गुडघ्याच्या कूर्चेत पाऊण भाग पाणी, मग पाय टेकल्यावर ते बाहेर का येत नाही?

चोपडेकर_सर

मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. परवा वर्गात सांगितलं की सांध्यातल्या कूर्चेच्या वजनात ६५ ते ८० टक्के पाणीच असतं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने लगेच विचारलं, "सर, एवढं पाणी असेल तर उभं राहिल्यावर ते पिळून निघायला पाहिजे. निघत का नाही?"

पुस्तकात एका ओळीचं उत्तर आहे: ग्लायकोसअमिनोग्लायकनच्या साखळ्यांवर दाट ऋण प्रभार असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. पण पाण्याचा रेणू तर एकूणात उदासीन. ऋण प्रभाराने सोडियम ओढला तर समजतं. पाणी का ओढावं? आणि ओढलंच, तर किती जोराने? आकड्यांसकट कुणी समजावेल का? मुलीला 'पुस्तकात आहे म्हणून' असं सांगायचं माझ्या जिवावर येतं.

भुसावळचा_नंदू

सर, सोपं आहे. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात. साखळ्या ऋण, शेजारच्या साखळ्याही ऋण. दाबायला गेलं की त्या जवळ येतात आणि जोरात ढकलतात. झाला दाबाला विरोध. पाणी मधल्या जागेत भरलेलं असतं एवढंच.

पिंप्री_वहिनी

आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी गुडघ्यात पाणी झालंय म्हणून सांगितलं आणि सुईने काढलंसुद्धा. आता तुम्ही म्हणताय पाणी असायलाच पाहिजे. मग काढलं ते चुकीचं का? आणि रोज जास्त पाणी प्यायलं तर कूर्चेत वाढतं का?

धुळ्याचा_हाडवैद्य

वहिनी, ही दोन पाणी वेगळी. सासूबाईंचं काढलं ते सांध्याच्या पोकळीत साठलेलं, सूज आल्यामुळे आतल्या अस्तराने जास्त पाझरलेलं. सर विचारतायत ते कूर्चेच्या आत, तिच्या जाळ्यात मुरलेलं पाणी. ते सुईने काढता येत नाही. जास्त पाणी पिऊन ते वाढतही नाही, कारण रक्तातला क्षार मूत्रपिंडं ठरावीक पातळीवर ठेवतात आणि कूर्चा तेवढ्याच क्षाराच्या हिशेबाने पाणी घेते.

सरांच्या मूळ प्रश्नाला जळगावच्या मनीषाताई जास्त नीट उत्तर देतील. त्यांचं संशोधनच कूर्चेवरचं आहे. ताई, आहात का?

मनीषा_जळगाव

आहे, आहे. सर, 'पाणी का ओढावं' इथेच सगळी गोम आहे.

साखळ्यांवरचे ऋण प्रभार जागेवर बांधलेले आहेत. काँड्रॉइटिन सल्फेटच्या साखळीत दोन-दोन साखरांची जोडी पुन्हा पुन्हा येते आणि प्रत्येक जोडीवर दोन ऋण प्रभार, एक कार्बोक्सिलचा आणि एक सल्फेटचा. एका साखळीत अशा चाळीसेक जोड्या. अशा शंभराच्या आसपास साखळ्या एकाच प्रथिनाच्या कण्याला चारी बाजूंनी जोडलेल्या, शिवाय केराटन सल्फेटच्या छोट्या साखळ्या वेगळ्या. हा झाला एक अ‍ॅग्रीकॅन, त्याच्या एका रेणूवर काही हजार ऋण प्रभार. असे कितीतरी अ‍ॅग्रीकॅन हायालुरोननच्या एका लांब धाग्यावर ओळीने बसतात, त्यामुळे ते कूर्चेतून निसटून जात नाहीत.

आता एवढा ऋण प्रभार एकटा राहू शकत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला एक धन आयन आतच थांबावा लागतो, बहुतेक सोडियम. म्हणजे कूर्चेच्या आत विरघळलेल्या कणांची संख्या बाहेरच्या द्रवापेक्षा जास्त होते. सोडियमला बाहेर जायची मोकळीक नाही, पाण्याला मात्र आत यायची आहे. म्हणून पाणी आत शिरतं. पाण्याला ओढतो तो सोडियमचा जादा साठा, आणि त्या साठ्याला अडवून धरतो साखळीवरचा प्रभार.

भुसावळचा_नंदू

म्हणजे ढकलाढकली खोटी?

मनीषा_जळगाव

खोटी नाही, नंदूभाऊ. पण खारट द्रवात प्रभाराचा प्रभाव फार लांब पोचत नाही. शरीरातल्या क्षाराच्या पातळीला तो एक नॅनोमीटरच्याही आत विरतो, आणि कूर्चेत शेजारच्या साखळ्यांमधलं अंतर साधारण दोन ते चार नॅनोमीटर. म्हणून निव्वळ एकमेकांना ढकलण्यावर सगळा हिशेब टाकता येत नाही.

सरांना आकडे हवेत ना, हे घ्या. बाहेरचा द्रव ०.१५ मोलर मीठ. कूर्चेतला बांधलेला ऋण प्रभार लिटरमागे ०.२ मोल धरू, निरोगी कूर्चेला हा आकडा जवळचा आहे. दोन अटी पाळायच्या. आतला धन आणि ऋण प्रभार बरोबरीत, आणि आतल्या सोडियम-क्लोराइडचा गुणाकार बाहेरच्या गुणाकाराएवढा:

```
सोडियम = क्लोराइड + ०.२
सोडियम × क्लोराइड = ०.१५ × ०.१५
```

वर्गसमीकरण सोडवलं की आत सोडियम ०.२८ आणि क्लोराइड ०.०८ येतं. आतली बेरीज ०.३६, बाहेरची ०.३०. फरक ०.०६ मोलर. त्याला वायू स्थिरांक आणि शरीराच्या तापमानाने गुणलं की साधारण ०.१६ मेगापास्कल येतात, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीडपट. कूर्चा नुसती पडून असतानाही आतून एवढ्या दाबाने फुगू पाहत असते.

आता तिला दाबून एक पंचमांश पाणी बाहेर काढा. प्रभार तेवढाच, जागा कमी, म्हणून तो ०.२५ झाला. तेच गणित पुन्हा केलं की दाब ०.२३ मेगापास्कल येतो. पाणी २० टक्के गेलं आणि दाब जवळपास दीडपट झाला. दाबावं तसं दाबणं अवघड होत जातं ते यामुळे.

पिंप्री_वहिनी

माय वं, इतलं गणित! पण शेवटचं वाक्य समजलं.

दीपनगर_बॉयलर

मनीषाताई, एक शंका. आमचं रोजचं काम दाबाचंच. ०.१६ मेगापास्कल म्हणजे फारच कमी. चालताना सांध्यावर काही मेगापास्कल येतात असं वाचलंय. मग तुमचा प्रभार त्यातला किती उचलणार? दहावा हिस्सासुद्धा नाही. बाकीचा भार कोण घेतं?

मनीषा_जळगाव

शंका अगदी नेमकी आहे. १९८६ मध्ये एका रुग्णाच्या खुब्यात बसवलेल्या, दाब मोजणाऱ्या कृत्रिम सांध्यात खुर्चीतून उठताना १८ मेगापास्कलपर्यंत दाब नोंदला गेला होता. परासरणाचा दाब त्याच्यासमोर टिकणारच नाही.

पाऊल टेकतं तेव्हा भार घेतं ते पाणीच. कूर्चेतली छिद्रं काही नॅनोमीटरची, त्यातून पाणी अतिशय हळू सरकतं. एका पावलाचा वेळ सेकंदाच्या आतबाहेर. तेवढ्यात पाणी बाहेर पडूच शकत नाही, म्हणून त्याचाच दाब चढतो आणि भाराचा बहुतांश हिस्सा, चांगल्या कूर्चेत ९० टक्क्यांच्याही वर, त्या दाबावर तोलला जातो. छिद्रं इतकी बारीक ठेवणाऱ्याही याच ग्लायकोसअमिनोग्लायकनच्या, थोडक्यात गॅगच्या साखळ्या. त्या गेल्या की पाणी सहज वाहतं आणि भार घन जाळ्यावर येतो.

मात्र तासन् तास उभं राहिलात, तर पाणी हळूहळू सरकतं. एक-दोन मिलीमीटर जाडीच्या कूर्चेला तोल साधायला अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. तिथे वरचं गणित लागू होतं. पाणी जातं, प्रभार दाटतो, दाब वाढतो आणि एका टप्प्यावर सरकणं थांबतं. भार काढला की तोच सोडियम पाणी परत आणतो. म्हणजे प्रभाराचं काम दोन तऱ्हेचं: घाईच्या भारात पाण्याची वाट अडवणं आणि सावकाश भारात त्याला परत बोलावणं.

भरतीवाला_पाचोरा

पोलीस भरतीला उंची सकाळी मोजून घ्या म्हणतात, ते यातलंच का? आमच्या अकादमीतले सर मोजणीआधी पोरांना झोपून राहायला लावतात.

धुळ्याचा_हाडवैद्य

यातलंच. मणक्यांमधल्या चकत्यांच्या गाभ्यातही अ‍ॅग्रीकॅन खच्चून असतो. दिवसभर बसून-उभं राहून पाणी थोडं निघतं, रात्री आडवं झाल्यावर परत येतं. दिवसाकाठी उंचीत साधारण एक टक्क्याचा फरक पडतो, म्हणजे दीडेक सेंटिमीटर. उठल्यावर पहिल्या तासा-दोन तासांतच त्यातली बरीच घट होते. तेव्हा पोरांना झोपवून ठेवण्यात तथ्य आहे. पण ज्याला तीन सेंटिमीटर कमी पडतात त्याचं काम त्याने होणार नाही.

शहाद्याचा_पपईवाला

मी शेतकरी माणूस, तैवान ७८६ लावतो. वरचं निम्मं डोक्यावरून गेलं तरी एक विचारतो. एका कृषी मेळाव्यात कुणीतरी सांगितलं होतं की पपईच्या चिकाचं इंजेक्शन दिल्यावर सशाचे कान लोंबले. खरं आहे का? कच्च्या पपईचा चीक हाताला लागला की कातडी निघते हे आम्हाला माहीत आहे, पण कान लोंबावेत?

मनीषा_जळगाव

भाऊ, खरं आहे, आणि या धाग्यावर सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

१९५६ मध्ये लुईस थॉमस या अमेरिकन डॉक्टरने सशांच्या शिरेत पपेन टोचलं. पपेन म्हणजे तुमच्या चिकातलं प्रथिन कापणारं विकर. काही तासांत सशांचे ताठ कान दोन्ही बाजूंना लोंबले. बाकी ससे ठीकठाक होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर कानाच्या कूर्चेतल्या पेशी जागेवर होत्या, पण त्यांच्याभोवतीचा, रंग धरणारा भाग नाहीसा झाला होता. पपेनने अ‍ॅग्रीकॅनचा प्रथिनाचा कणा कापला. साखळ्या तशाच्या तशा राहिल्या, पण कशालाच बांधलेल्या नसल्यामुळे वाहून गेल्या. त्यांच्यासोबत प्रभार गेला आणि कानाचा ताठपणाही गेला.

पुढचा भाग आणखी मोलाचा आहे. तीन-चार दिवसांत कान परत ताठ झाले. कोलॅजनचं जाळं शाबूत होतं, पेशी जिवंत होत्या. त्यांनी नवा अ‍ॅग्रीकॅन तयार केला आणि जुन्याच जाळ्यात भरला. सशांना कॉर्टिसोन दिलं तर मात्र कान ताठ होत नव्हते, कारण ते नवं बनवणंच रोखत होतं.

आम्ही प्रयोगशाळेत आजही पपेन वापरतो. कूर्चेचा कण पपेनच्या द्रावात रात्रभर ६० अंशांवर ठेवला की सकाळी नळीत काहीच दिसत नाही, सगळं विरघळलेलं. त्यात एक निळा रंग टाकायचा. साखळ्यांवरचे प्रभार इतके जवळजवळ असतात की रंगाचे रेणू त्यांच्यावर खेटून बसतात आणि निळ्याचा लगेच जांभळा होतो. जांभळा किती गडद त्यावरून गॅग किती ते मोजतो. नमुना निळाच राहिला की समजायचं, याच्यात फारसं उरलेलं नाही.

शहाद्याचा_पपईवाला

म्हणजे आपल्या चिकाला मोठा मान आहे! पण ताई, मटणात कच्ची पपई घालतात, ती खाऊन गुडघ्याला काही होत नाही ना? गावात हे सांगितलं तर लोक पपई खाणं सोडतील, आधीच भाव पडलेत.

धुळ्याचा_हाडवैद्य

निर्धास्त सांगा. शिजवताना पपेन बरंचसं निकामी होतं, उरलेलं पोटात पचतं. रक्तात टोचणं आणि पोटात जाणं यात फार अंतर आहे.

पिंप्री_वहिनी

मग डॉक्टर, तेच गोळ्यांचं पण का? सासूबाई काँड्रॉइटिनच्या गोळ्या घेतात, महिन्याला बराच खर्च होतो. ते पोटातून गुडघ्यात जातं का? शेजारच्या काकू तर म्हणतात, पायाचा रस्सा प्या, त्यात सगळं आहे.

धुळ्याचा_हाडवैद्य

काकूंचा रस्सा चविष्ट असणार, त्यावर वाद नाही.

गोळीतली साखळी जशीच्या तशी अ‍ॅग्रीकॅनवर जाऊन बसत नाही. पेशी आपली साखळी स्वतःच्या आत, प्रथिनाच्या कण्यावर एकेक साखर जोडत बनवते. बाहेरून आलेली तयार साखळी जोडायची सोय तिच्याकडे नाही. २००६ मध्ये अमेरिकेत १५८३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. ग्लुकोसामाइन, काँड्रॉइटिन, दोन्ही मिळून, नुसती दिखाऊ गोळी आणि एक वेदनाशामक अशी तुलना होती. एकूण रुग्णांत या दोन्ही गोळ्या दिखाऊ गोळीपेक्षा ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात दोन्ही मिळून थोडा फायदा दिसला, पण त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. त्यांना आराम वाटत असेल तर मी भांडणार नाही, पण खर्च जड जात असेल तर बंद करताना मन खाऊ देऊ नका.

रावेरची_स्मिता

मी फिजिओथेरपिस्ट आहे, डॉक्टरांशी थोडी असहमत. माझ्याकडच्या काही पेशंटना या गोळ्यांनी फरक पडलेला मी पाहिला आहे. चाचणीत सरासरी बघतात, आमच्यासमोर एकेक माणूस असतो.

धुळ्याचा_हाडवैद्य

स्मिताताई, दुखणं कमी होणं आणि कूर्चेतला प्रभार वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याबद्दल तुमचं ऐकून घेतो. दुसऱ्याचा पुरावा मला दाखवा.

रावेरची_स्मिता

दुसऱ्याचा माझा दावाच नाही. मी दुखण्याबद्दल बोलतेय, आणि पेशंट माझ्याकडे दुखण्यासाठीच येतात.

दीपनगर_बॉयलर

परत मुद्द्यावर येतो. कूर्चा आतून दीडपट वातावरणाने फुगू पाहते, तर ती फुगत का नाही? कुठेतरी आवरणारं काही असणार.

मनीषा_जळगाव

कोलॅजन. अ‍ॅग्रीकॅन मोकळ्या द्रावात सोडला तर कूर्चेत मिळते त्याच्या कितीतरी पट जागा व्यापतो. कूर्चेत तो दाबून, कोंबून भरलेला असतो आणि कोलॅजनचे धागे त्याला आवळून ठेवतात. आपल्याकडे जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची गाठ बांधतात ना, तसं समजा. आतला कापूस बाहेर ढकलतो, पट्ट्या आवळतात, म्हणून गाठ टणक लागते. पट्टी तुटली तर गाठ फुगते, पण हाताला मऊ लागते.

सांध्याची झीज सुरू होते तेव्हा हेच घडतं. सुरुवातीला कूर्चेतलं पाणी घटत नाही, उलट वाढतं. जाळं सैल होतं, अ‍ॅग्रीकॅन जास्त पाणी घेतो, त्यामुळे प्रभार विरळ होतो आणि कूर्चा मऊ पडते. त्याच सुमाराला आपल्याच पेशींची विकरं अ‍ॅग्रीकॅनचा कणा हायालुरोननजवळ कापतात आणि साखळ्यांसकट मोठा तुकडा निसटतो. सशात जे पपेनने काही तासांत केलं, ते इथे वर्षानुवर्षं चालतं. शिवाय पेशी नवा अ‍ॅग्रीकॅन बनवत राहिल्या तरी प्रौढ वयात कोलॅजनचं जाळं जवळजवळ नव्याने विणलं जात नाही. म्हणून सशाचा कान सावरला, गुडघ्याचं तसं होत नाही.

धुळ्याचा_हाडवैद्य

याला दुजोरा. दुर्बिणीने गुडघा पाहताना कूर्चा वरून गुळगुळीत, पांढरी दिसते, पण सळईने हलकं दाबलं की सळई रुतते. एक्स-रेमध्ये याचा मागमूस नसतो, कारण त्यात कूर्चा दिसतच नाही, फक्त हाडांमधली फट दिसते. ती कमी व्हायला पुढे बराच काळ जातो. एमआरआयमध्ये एक युक्ती आहे. ऋण प्रभाराचं गॅडोलिनियम शिरेतून द्यायचं. जिथे गॅग शाबूत तिथून ते परतवलं जातं, जिथे गॅग गेले तिथे ते शिरतं. पण हे मुख्यतः संशोधनात वापरतात, सगळीकडे करून मिळत नाही.

चोपडेकर_सर

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला सांगायला आता उत्तर आहे: ऋण प्रभार सोडियमला अडवतो, सोडियम पाण्याला बोलावतो, कोलॅजन फुगू देत नाही, आणि बारीक छिद्रांमुळे पाणी घाईने जाऊ शकत नाही. गणित तर मी वर्गात सोडवूनच घेणार. मनीषाताई, वर्गात दाखवता येईल असं काही आहे का? आमच्याकडे साधी प्रयोगशाळा आहे.

मनीषा_जळगाव

आहे. खाटकाकडून बोकडाचा ताजा गुडघा आणा. हाडाच्या टोकावरचा निळसर पांढरा, चकाकणारा थर ब्लेडने पातळ कापून दोन सारख्या चकत्या काढा. एक ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात ठेवा. दुसरी दहापट मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला ८८ ग्रॅम. तासाभराने दोन्ही टाचणीच्या बोथट डोक्याने दाबायला मुलांना द्या. जास्त मिठातली मऊ लागेल. बाहेर मीठ इतकं असलं की आतला जादा सोडियम नगण्य ठरतो. त्याच समीकरणात ०.१५ च्या जागी १.५ घातलं की दाब ०.१६ वरून ०.०२ मेगापास्कलच्याही खाली येतो. पण चकती अगदीच लिबलिबीत होणार नाही, कारण कोलॅजनचं जाळं आणि साखळ्यांची नुसती गर्दी यांचाही वाटा असतो. नंतर तीच चकती साध्या मिठाच्या पाण्यात परत ठेवा, ताठपणा बराचसा परत येतो.

फक्त वजन करून तुलना करू नका. चकतीत मीठ शिरलेलं असतं, त्यामुळे वजन फसवतं. जाडीही फारशी बदलत नाही, फरक हाताला लागतो.

भुसावळचा_नंदू

ताई, मग माझा प्रश्न तसाच राहतो. मीठ वाढवल्यावर चकती मऊ होते, पण मीठ वाढवल्यावर साखळ्यांमधली ढकलाढकलीही कमी होते ना? प्रयोग तर दोघांच्याही बाजूने आहे.

मनीषा_जळगाव

बरोबर, या प्रयोगाने आपला वाद मिटत नाही. मी केलेल्या हिशेबात प्रभार सगळीकडे सारखा पसरलेला आणि सगळा सोडियम मोकळा धरला आहे. प्रत्यक्षात सोडियम साखळ्यांच्या अगदी जवळ गोळा होतो, म्हणून त्याचा परिणाम थोडा कमी पडतो आणि माझा आकडा जरा जास्त येतो. साखळी दांड्यासारखी धरून तिच्याभोवती आयन कसे दाटतात त्याचं सविस्तर गणित केलं, तर तुमची ढकलाढकली आणि माझं परासरण एकाच समीकरणातून बाहेर येतात. दोन साखळ्यांच्या बरोबर मध्ये आयन किती जमलेत त्यावर ढकलणं ठरतं. किती हिस्सा कशाच्या नावावर मांडायचा, हे ज्याने-त्याने कोणतं गणित पत्करलं त्यावर बदलतं. तुम्ही रेल्वेतून सुट्टी काढून जळगावला या, कागद-पेन घेऊन बसू.

भुसावळचा_नंदू

येतो, पण दांड्याचं गणित तुम्ही करा, मी बघतो.